सिझेरियनच्या टाक्यांजवळ लाली आणि पाणी

प्रश्न: बायकोचं सिझेरियन होऊन सहा दिवस झाले. टाक्यांजवळ लाल झालंय, गरम लागतं, कालपासून थोडं पाणी येतंय. इन्फेक्शन असेल का? कुणाला दाखवू?

उत्तर: शक्यता आहे, आजच दाखवा. टाक्यांच्या कडेची फिकट लाली आणि किंचित गुलाबी पाणी पहिले दोन-तीन दिवस चालतं, पण ते रोज कमी व्हायला हवं. सहाव्या दिवशी नव्याने पाणी येणं त्या हिशोबात बसत नाही. पू, दुर्गंधी, वाढतं दुखणं, 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर संशय आणखी पक्का.

लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, फोटो काढा. लाली रेघेबाहेर गेली तर ती पसरतेय.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच फोन करा, नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो. तोवर हळद, पावडर नको आणि घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक तर नकोच, पूच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं मग. जखम स्वच्छ, कोरड्या गॉजने झाका.

थंडी वाजून हुडहुडी, धाप, गुंगी किंवा टाके उसवले तर फोनची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. महाराष्ट्रात 108 ला अँब्युलन्स मिळते.