‘औदुंबर’चा सारांश लिहिताना

तुझा सारांश वाचला. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये तू पहिल्याच वाक्यात मृत्यू आणलास, आठ ओळींत तो शब्द कुठेच नाही. आधी दिसतं तेवढंच लिही: दोन्ही काठांवर हिरवळ, मधून निळासावळा झरा, पलीकडे टेकडीपाशी चार घरांचं गाव, पुढे दाट शेतमळे. त्यांतून पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते आणि तिथे औदुंबर पाण्यात पाय टाकून बसलाय. रंग गाळू नकोस, कविता त्यांच्यावरच चालते. मग आशयाचं एकच वाक्य: हिरव्या गर्दीतून फिरत आलेली नजर शेवटी एका निश्चल, एकाकी झाडावर थांबते. (‘एकाकी’ही मी खोडेन, खरं तर.) आणि काळिम्याला कवीनेच ‘गोड’ म्हटलंय, तो शब्द सुटला म्हणूनच तुझा सारांश इतका उदास झाला.