रूममेट्सशी नियम लिहिताना

भांडण झालं त्याच रात्री नियम लिहू नका. रविवारी सकाळी चहा घेऊन सगळे बसा. ‘खोली स्वच्छ ठेवावी’ असं लिहून काही होत नाही, प्रत्येकाची ‘स्वच्छ’ची व्याख्या वेगळी असते. माटुंग्याच्या हॉस्टेलात आम्ही लिहिलं होतं: केर रोज, लादी बुधवारी आणि रविवारी, पाळी नावानिशी. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्यानेच करायची. यानंतर कुरबुर खरंच थांबली.

रात्री 11 नंतर इअरफोन, फोनवर बोलायचं तर पॅसेजमध्ये. पहाटेची लोकल पकडणाऱ्याने गजर एकदाच लावायचा.

पाहुण्यांबाबत आधी वॉर्डनचे नियम बघा, ते आपल्याला बदलता येत नाहीत. बाकी रूममेट्सना आदल्या दिवशी विचारायचं. एकाचाही नकार असेल तर पाहुण्याला खालीच भेटायचं. महिन्याने कागद पुन्हा वाचा, सारखा मोडणारा नियम बदला.