दहा शेअर विकले आणि अ‍ॅव्हरेज वाढलं, असं कसं?

प्रश्न: माझ्याकडं एका कंपनीचे २० शेअर होते, अ‍ॅव्हरेज ४५० दाखवत होतं. १० विकले तर आता ५०० दाखवतंय. ब्रोकरनं घोळ घातलाय का? आणि चार्जेस नेमके कुठं बघायचे? (बेळगाव)

उत्तर:

घोळ नाही, हिशोब बरोबर आहे. तुम्ही बहुतेक १० शेअर ४०० नं आणि नंतर १० शेअर ५०० नं घेतले असणार, म्हणून अ‍ॅव्हरेज ४५० होतं. डिमॅटमध्ये जे आधी आले तेच आधी गेले असं धरतात, म्हणजे विकले गेले ते ४०० वाले आणि उरले ते ५०० वाले. समजा ५२० नं विकले असतील तर नफा १२०० रुपये धरायचा, ४५० धरून ७०० नाही, आणि इन्कम टॅक्सलाही हीच पद्धत चालते, वर्ष झालं की नाही तेसुद्धा त्या पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात.

आता क्वांटिटी मात्र ब्रोकरच्या अ‍ॅपवर सोडू नका, शेअर प्रत्यक्षात ज्यांच्याकडं जमा असतात त्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून मेलवर जे स्टेटमेंट येतं ते उघडा, पासवर्ड तुमचा पॅन असतो. त्यात त्या कंपनीच्या शेअरचा जो आयएसआयएन नंबर असतो त्याच्यासमोर किती शेअर आहेत ते बघा, १० जमा, १० जमा, १० वजा अशा एंट्र्या दिसल्या की झालं. कालच घेतलेले त्यात नसतील तर घाबरू नका, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात. खरेदीचा भाव त्यात शोधत बसू नका, त्यांच्याकडं तो नसतोच, समोर जी किंमत दिसते ती त्या दिवसाच्या बाजारभावाची असते. म्हणूनच दुसऱ्या डिमॅटमधनं शेअर आणले की नव्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅव्हरेज रिकामं दिसतं, ते जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर खरेदी-विक्रीची जी बिलं मेल करतो ती बघून स्वतः भरायचं.

चार्जेस होल्डिंगमध्ये बघून सापडणार नाहीत, बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते अ‍ॅव्हरेजमध्येही धरलेले नसतात. कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा की, तिथं ब्रोकरेज, एक्सचेंजचा चार्ज, जीएसटी सगळं वेगवेगळं असतं. डिलिव्हरीला एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी टॅक्स, घेतानाही ०.१% आणि विकतानाही ०.१%, म्हणजे ५२०० च्या विक्रीवर साधारण ५ रुपये. स्टँप ड्युटी फक्त खरेदीवर, ०.०१५%. कोल्हापूरच्या पाहुण्यांना कमी लागते असं आपल्याकडं अजून म्हणतात, पण १ जुलै २०२० पासून सगळ्या देशात एकच रेट आहे, फक्त तुमचा पैसा कर्नाटकला जातो आणि त्यांचा महाराष्ट्राला.

एक चार्ज मात्र बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसतो, तो डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधनं शेअर बाहेर काढल्याचा चार्ज, त्यासाठी लेजर, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या पैशांच्या जमा-खर्चाचं पान उघडायचं. तो विकल्यावर लागतो, एका कंपनीला एका दिवसाला एकदा, मग १ शेअर विका नाहीतर १००. आमच्या खानापूरचे एक काका रोज दोन-दोन शेअर विकायचे, पाच दिवसांत पाच वेळा डीपी चार्ज आणि वर १८% जीएसटी. तेच दहा शेअर एका दिवशी विकले असते तर एकदाच लागला असता.

तुमच्या लेजरमध्ये त्या विक्रीच्या तारखेला किंवा दुसऱ्या दिवशी ती एकच एंट्री असायला पाहिजे, दोन दिसल्या तर ब्रोकरला लेखी मेल टाकून विचारा.