रात्री बारानंतरचा जन्म आणि बायोडाटातलं नक्षत्र

"मॅडम, पोरीचा जन्म सोमवारच्या रात्री बारा पन्नासचा. बायोडाट्यात हस्त नक्षत्र, देवगण, आद्य नाडी लिवली होती. पोराकडच्या गुरुजीनं चित्रा, राक्षस गण, मध्य नाडी काढली, अन् ते लोक म्हणाले तुमी खोटं लिवलं. सोयरीक तिथंच मोडली. आता नवा बायोडाटा करतो, तर त्यात काय लिवाव? राक्षस गण लिवला तर पोरीले पाहाले कोन येईन? गण-नाडी लिवलीच नाही तर चालते का?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे हे गृहस्थ. सोबत मुलगी होती आणि तिचे मामा. मी तिघांनाही आधी एवढंच विचारलं, "घरात जन्माचे कागद किती आहेत? सगळे घेऊन या." पुढच्या खेपेला मामाजींनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. त्यात शाळेचा दाखला होता, नगर परिषदेचा जन्मदाखला होता, ग्रामीण रुग्णालयाचं घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड होतं, आणि एक जुनी डायरी. डायरीत आजोबांच्या अक्षरात ओळ होती: 'सोमवार, ता. 14, रात्री 12:50. कन्या रास. अक्षर पो.'

दोन्ही दाखल्यांवर मात्र तारीख 15 होती. डिस्चार्ज कार्डावर 15 आणि वेळ 00:50.

यात कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून मध्यरात्रीनंतर जन्मलेल्या बाळाचा वार आजोबांनी आदल्या दिवसाचाच धरला, आणि वाराला धरून तारीखही 14 लिहिली. पंचांगातसुद्धा मध्यरात्रीनंतरची वेळ 'उत्तररात्री' म्हणून आदल्या दिवसाच्याच ओळीत असते. दवाखान्याची तारीख रात्री बाराला बदलते. म्हणून सोमवार 14 ची उत्तररात्र म्हणजेच सरकारी कागदावरचा मंगळवार 15. गडबड झाली ती कॉम्प्युटरवर पत्रिका काढताना. डायरी पाहून 14 तारीख टाकली आणि रात्री 12:50. मशीनने त्याचा अर्थ 14 तारीख सुरू होतानाची रात्र, म्हणजे रविवार संपून सोमवार लागतानाची रात्र असा घेतला. पत्रिका खऱ्या जन्माच्या बरोबर चोवीस तास आधीची निघाली.

चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो, त्यामुळे चोवीस तासांची चूक म्हणजे बहुधा एक नक्षत्र मागे किंवा पुढे. इथे तसंच झालं. खऱ्या वेळेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणात, तर आदल्या रात्री हस्ताच्या दुसऱ्या चरणात. गंमत म्हणजे रास दोन्हीकडे कन्याच येते, कारण हस्त पूर्ण कन्येत आहे आणि चित्राचे पहिले दोन चरणही कन्येतच. रास जुळतेय म्हटल्यावर घरच्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

खरं उत्तर मात्र डायरीतच लिहिलेलं होतं. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि चरणाचं एकेक अक्षर ठरलेलं असतं, बारशाला गुरुजी त्यावरूनच नावाचं आद्याक्षर सांगतात. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. चित्राची पे, पो, रा, री. 'अक्षर पो' म्हणजे चित्रा, चरण दुसरं. तेव्हाच्या गुरुजींनी बरोबर काढलं होतं. तारीख 14 लिहिली गेली तरी गणित त्यांनी उत्तररात्रीचंच केलं होतं.

मग बायोडाटा बनवताना जन्मतारीख दाखल्यावरून घेतली, 15. नक्षत्र, गण, नाडी मात्र त्या चुकलेल्या पत्रिकेवरून. मुलाचं नक्षत्र पुष्य, म्हणजे मध्य नाडी. हस्ताची आद्य नाडी धरली तर नाडीचे आठही गुण मिळतात. मुलाकडच्या गुरुजींनी 15 तारीख आणि रात्री 12:50 वरून स्वतः मांडून पाहिलं तर चित्रा आलं, म्हणजे मध्य नाडी, दोघांची एकच. छत्तीसपैकी आठ गुण शून्य. पत्रिका पाहणाऱ्या घराला त्यातून काय वाटलं असेल ते मला समजतं. नाडी जुळावी म्हणून मुद्दाम नक्षत्र बदललं, असंच दिसतं ते. माझ्या मते सोयरीक नाडीपेक्षा त्या संशयानं मोडली. नाडी एक आली तरी त्यावर परिहार शोधणारे, दुसऱ्या गुरुजींना विचारणारे लोक असतात. फसवलं असं वाटल्यावर कुणी पुढे विचारत नाही.

आता त्यांच्या मुख्य भीतीकडे. राक्षस गण लपवता येतो का? येत नाही, कारण गण आणि नाडी या वेगळ्या माहित्या नाहीतच. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी तीन गणांत वाटणी आहे, आणि नाडीचीही तशीच तीन भागांत. नक्षत्र कळलं की गण आणि नाडी कोणत्याही पंचांगातल्या अवकहडा चक्रात सापडते. तुम्ही चित्रा लिहून गणाची जागा मोकळी सोडली तर वाचणारा त्या जागेकडेच आधी पाहतो. आणि नक्षत्रही गाळून फक्त तारीख-वेळ दिली, तर गुरुजी मिनिटभरात काढतात.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग मी राक्षस आहे असं लिहायचं का?" मी तिला चक्र दाखवलं. मघा, ज्येष्ठा, विशाखा, धनिष्ठा, कृत्तिका, सगळी त्याच गणात; एका वर्गात शिकलेल्या मुलींपैकी सरासरी तिसरा हिस्सा या गणाचा असणार. हा गण चंद्राच्या जागेवरून पडलेल्या गटाचं नाव आहे, त्यावरून स्वभाव ठरतो याला मला तरी आधार दिसलेला नाही. पण ज्या घरात पत्रिका पाहतात तिथे बायोडाटा पाठवायचाच असेल, तर 'गण : राक्षस' एवढंच सरळ लिहावं. खाली 'स्वभावाने शांत' अशी सारवासारव नको. तुम्ही त्याबद्दल लाजताय हे तेवढ्यानं कळतं.

'नाडीदोष नाही' ही ओळही मी काढायला लावते. ती हल्ली बऱ्याच बायोडाट्यांत असते आणि तिला काही अर्थ नाही. नाडी एका माणसाची असते, दोष मात्र दोघांच्या नाड्या एक आल्या तरच म्हणतात. समोरचा मुलगा ठरायच्या आधी तो आहे की नाही हे कुणी कसं सांगणार? तिथे नुसतं 'नाडी : मध्य' हवं. 'मंगळ नाही' हेही लग्न खात्रीचं असेल तरच लिहावं. लग्न म्हणजे लग्नराशी, ती साधारण दोन तासांत बदलते, म्हणून तिला वेळ नेमकी लागते. नक्षत्राचं तसं नाही, त्याचा एक चरणच सहा तासांच्या आसपास चालतो.

त्यामुळे घरी जन्मलेल्यांची, 'दिवेलागणीला झाली' एवढीच आठवण असलेल्यांची अडचण वाटते तेवढी मोठी नसते. 'संध्याकाळी 6:30 ते 7, अंदाजे' असं लिहावं. त्या दिवशीच्या पंचांगात नक्षत्र कधी संपतं ते पाहावं. समाप्तीची वेळ त्या अर्ध्या तासात येत नसेल तर नक्षत्र, गण, नाडी पक्की धरायला हरकत नाही. येत असेल तर दोन्ही नक्षत्रं सांगावी. 7 ची 6:52 करून नेमकेपणाचा आव मात्र आणू नये.

शेवटी त्यांच्या नव्या बायोडाट्यात ही माहिती अशी बसवली. महिना आणि वर्ष इथे गाळलं आहे.

जन्मतारीख : 15 (मंगळवार)
जन्मवेळ : रात्री 12:50 (14 व 15 मधली रात्र, पंचांगानुसार सोमवार)
जन्मस्थळ : दारव्हा, जि. यवतमाळ
रास व नक्षत्र : कन्या, चित्रा, चरण 2
गण : राक्षस    नाडी : मध्य

'14 व 15 मधली रात्र' हे शब्द मी आग्रहानं घालायला लावले. रात्री बारा ते सूर्योदय या वेळेत जन्मलेल्या कुणाचाही कागद याशिवाय दोन तऱ्हांनी वाचला जातो, आणि 12:50 च्या पुढे नुसतं एएम-पीएम असलं तर दुपारचा गोंधळ वेगळा. जन्मस्थळ आधी त्यांनी गावाचं टाकलं होतं, बाळंतपण दारव्ह्याला झालं होतं. एवढ्या अंतरानं नक्षत्र हलत नाही, पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, कधी तीन जिल्हे पलीकडे होतं, म्हणून खरं ठिकाणच लिहावं.

आणखी एक गोष्ट, थोडी बाजूची. मामाजी मध्येच म्हणाले, "नाडी म्हंजे रक्तगटच ना? एक आली तं लेकरं बिमार होतात." नाडी नक्षत्रावरून निघते, रक्ताशी तिचा संबंध नाही. विदर्भात रक्ताची खरी काळजी सिकलसेलची आहे. दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, मग नाड्या वेगळ्या असोत की एक. साधी सोल्युबिलिटी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की आजारी हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतं. हा निकाल बायोडाट्यावर छापायचा नाही, तो कागद कुठे कुठे फिरतो सांगता येत नाही. पाहणं होऊन दोन्ही घरं पुढे जायला तयार झाली की सुपारीच्या आधी दोघांची तपासणी करून समोरासमोर बोलायचं. मुलीनं ती तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली.

राहिला जुना बायोडाटा. तो चार मध्यस्थांच्या मोबाइलवर आणि समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. नवा पाठवला आणि जुना तसाच राहिला, तर दोन नक्षत्रांचे दोन कागद एकाच मुलीच्या नावानं दिसतील आणि पुन्हा तोच संशय. म्हणून नव्याच्या डोक्यावर 'सुधारित' आणि महिना टाकला, आणि बाबांनी प्रत्येक मध्यस्थाला स्वतःच्या नंबरवरून असा निरोप पाठवला: 'आधीच्या कागदात तारीख 14 धरून पत्रिका निघाल्याने नक्षत्र हस्त आले होते. जन्म 15 ला रात्री 12:50 चा आहे, नक्षत्र चित्रा. जुना कागद कृपया काढून टाकावा. रुग्णालयाचे कार्ड पाहायला मिळेल.' ज्या घरची सोयरीक मोडली होती त्यांनाही हाच निरोप गेला. सोयरीक पुन्हा जुळावी अशी अपेक्षा त्यात नव्हती, कारण चित्रा आणि पुष्य यांची नाडी एकच राहते आणि ते घर नाडी मानणारं आहे. पण गावोगावी त्यांच्याच तोंडून 'खोटं लिवते' असं पसरत होतं. मुलाच्या काकांचा उलट फोन आला, म्हणाले, "कार्डाचा फोटो पाठवा, आमच्या गुरुजीले दाखवतो."