ग्राइंडरचा दगड नीट बसलाय का?

दादा, उडीद डाळ अर्धा-पाऊण तास फिरवली तरी बोटाला रवा लागतो. दगड झिजले असतील का? नवे घेऊ? — जुळे सोलापूर

नवे दगड घ्यायची घाई नको. घरगुती वापरात दगड इतक्या लवकर झिजत नाहीत, बहुतेक वेळा ते नीट बसलेले नसतात. अशोक चौकातल्या एका मेसची हीच तक्रार होती. मी प्लग काढला, भांड्याच्या तळाला वाटलेल्या पिठाचा पातळ थर लावला आणि भांडं हाताने सावकाश एक फेरी फिरवलं. एका दगडाने तळ स्वच्छ पुसला, दुसऱ्याखाली मात्र पिठाचा पट्टा तसाच राहिला. म्हणजे तो दगड अधांतरी होता. काढून पाहिलं, तर आतल्या प्लास्टिकच्या बुशमध्ये वाळलेल्या पिठाची गाठ, आणि धुताना वायसर उलट्या क्रमाने चढवलेलं. कोमट पाण्यात भिजवून गाठ काढली, वायसर जागेवर घातलं, मधल्या दांड्याचं लॉक पूर्ण खाली बसवलं. पुन्हा फेरी दिली, तेव्हा दोन्ही दगडांनी तळ पुसला.

घरी हीच परीक्षा करा. दगड बुशवर सैल हलत असेल, तर बुश बदलायचा, दगड नाही. बाजूची पट्टीही बघा. ती भांड्याच्या कडेला लागून हवी, नाहीतर डाळ कडेलाच चिकटून राहते आणि दगडाखाली येतच नाही.

मे महिन्यात पीठ वाटतानाच गरम होतं आणि सकाळी आंबट ढॅण! — होटगी रोड

सोलापूरच्या उन्हात नळाचंच पाणी गरम येतं, त्यात दगडाच्या घर्षणाची भर. डाळ फ्रिजमध्ये भिजवा, वाटताना थंडगार पाणी थोडं थोडं घाला. घट्ट गोळा फिरत राहिला की जास्त तापतो, म्हणून पीठ दगडामागे सैल वाहत राहील इतकं पाणी हवंच. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. पिठाचा थेंब पाण्यात टाकून पाहा. तरंगला की डाळ झाली, मशीन बंद करा. त्यापुढचं फिरवणं फक्त उष्णता वाढवतं. तांदूळ वेगळा वाटा. आणि या दिवसांत रात्रभर पीठ बाहेर ठेवायची सवय सोडा, चार-पाच तासांत फुगतं. फुगलं की फ्रिजमध्ये.

एवढं करूनही मशीनच्या खालच्या भागातून रबर जळाल्याचा वास आला, तर पट्टा घसरतोय. तो मेकॅनिककडे.

रोज घासते, तरी दगडाला वास येतो. — विजापूर रोड

वास बुशमध्ये आणि दगडाच्या टाक्यांत असतो. पीठ काढलं की लगेच वाटीभर पाणी घालून दोन मिनिटं फिरवा. हे पाणी पिठातच घालता येतं. मग प्लग काढून दगड उचला, मधल्या भोकात बारीक ब्रश फिरवा. साबण कमीच, कारण तो टाक्यांत राहतो. मोटारीचा भाग नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. दगड रात्रभर बाहेरच, सुटे वाळू द्या. झाकण लावून ठेवलेल्या ओल्या भांड्यालाच वास सुटतो.