कंस लांबवला की भागतं का?

> “‘एक पाहुणा आला. तो बसला.’ इथे ∃ चा कंस दुसऱ्या वाक्याच्या शेवटी बंद केला की झालं ना? त्यासाठी वेगळं लॉजिक कशाला?”

∃x म्हणजे ‘असा एखादा x आहे’, आणि x म्हणजे कोण हे त्याचा कंस बंद होईपर्यंतच ठरलेलं असतं. या वाक्यापुरतं कंस लांबवून भागतं, म्हणून तर फसायला होतं. आता ‘एकच पाहुणा आला. तो बसला.’ हे घ्या. समजा तिघे आले, त्यातला एक बसला, दोघे उभेच राहिले. कंस लांबवलात तर अर्थ होतो, ‘येऊन बसलेला पाहुणा एकच’, आणि तो खरा ठरतो. पण पहिलं वाक्य तर सरळसरळ खोटं आहे! त्याचा हिशेब पूर्णविरामाशीच मिटायला हवा आणि तरीही ‘तो’ला मागचा पाहुणा सापडायला हवा.

गाढवाच्या वाक्यात अडचण आणखी वाढते. पीटर गीच यांनी 1962 मध्ये ते चर्चेत आणलं: ‘ज्या शेतकऱ्याकडे गाढव असतं, तो त्याला मारतो.’ ∀x म्हणजे ‘प्रत्येक x’ असं धरून शब्दाला शब्द लावून मांडलं तर असं होतं:

```
∀x((शेतकरी(x) ∧ ∃y(गाढव(y) ∧ कडे(x,y))) → मारतो(x,y))
```

शेवटचा y कंसाबाहेर, मोकळाच. ∃y ओढून ∀x च्या लगेच मागे आणला, तर y म्हणून अंगणातली बादली घेतली तरी चालतं: बादली गाढव नाही, म्हणजे ‘जर’चा भाग खोटा, म्हणून सगळं विधान खरं. एकाही गाढवाला कोणी हात लावलेला नसला तरी! हवा असलेला अर्थ ∀y ने मिळतो, पण ‘एखादं गाढव’ म्हणजे इथे ‘प्रत्येक गाढव’ हे कोणत्या नियमाने?

काम्प (1981) आणि हाइम (1982) यांनी यावर वेगवेगळ्या वाटांनी उत्तर दिलं. मला हाताळायला सोपी वाटते ती ख्रुनेन्डाइक आणि स्टोकहॉफ यांची 1991 ची मांडणी, डायनॅमिक प्रेडिकेट लॉजिक. वेगळं लॉजिक म्हणतात ते हेच. तिच्यात वाक्य म्हणजे नुसतं खरं-खोटं नाही. कोणत्या चलाला कोण दिलंय याची नोंद आत जाते आणि बदललेली नोंद बाहेर येते. ∃y नोंदीत y ची जागा भरतो, आणि कंस संपला तरी ती पुसली जात नाही. ‘आणि’ म्हणजे पहिल्याची बाहेर आलेली नोंद दुसऱ्याला देणं. ‘जर-तर’ ही चाचणी आहे: ‘जर’मधून बाहेर आलेली प्रत्येक नोंद ‘तर’मध्ये टिकली पाहिजे.

सखारामकडे काळं आणि पांढरं अशी दोन गाढवं आहेत, आणि तो फक्त काळ्याला मारतो. ‘जर’मधून त्याच्या दोन नोंदी निघतात. पांढऱ्याची ‘तर’मध्ये अडकते, वाक्य खोटं. ∀y कुठेच लिहावा लागला नाही, तो ‘प्रत्येक नोंद’मधून आपोआप आला. वरचा ‘एकच’ही असाच सुटतो: ∃x ने पाहुणा नोंदवायचा, ‘दुसरा कोणी आला नाही’ ही अट तिथल्या तिथे तपासायची आणि मग नोंद पुढे द्यायची.

मात्र ‘ज्याच्याकडे छत्री होती, तो ती घेऊन बाहेर पडला’ इथे हीच चाचणी अडते. घरी तीन छत्र्या असलेल्याने एकच घेतली तरी आपण वाक्य खरं मानतो, हा नियम मात्र त्याच्या हातात तिन्ही मागतो.