भाऊ ‘पॉझिटिव्ह’ ठरेपर्यंत तुमची जीन टेस्ट थांबवा, कोलोनोस्कोपी थांबवू नका

“भाऊ ४३ वर्षांचा. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, म्हणजे सीकमचा कॅन्सर ऑपरेशन करून काढला. रिपोर्टात ‘एमएलएच-१ आणि पीएमएस-२ लॉस, एमएसएच-२ व एमएसएच-६ इन्टॅक्ट, बीआरएएफ निगेटिव्ह’ लिहिलंय. लिंच सिंड्रोम म्हणतात तेच का हे? मी ३९ ची, दोन मुलं आहेत. मी लगेच रक्ताची जीन टेस्ट करून घेऊ का?”

लगेच नको. आधी भावाची. लिंच म्हणजे घराण्यात चालत येणारा, आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला बिघाड; भावाला तो आहे की नाही, हे एवढ्यावरून ठरत नाही. आमच्याकडे हे उलटं झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धाकट्या भावाला कॅन्सर निघाला तेव्हा घाबरून मी आधी स्वतःचीच टेस्ट केली. ‘निगेटिव्ह’ आली आणि मी निर्धास्त झालो. नंतर भावाच्या रक्तात एमएसएच-२ जीनचा मोठा तुकडाच गायब असल्याचं कळलं. माझ्या टेस्टमध्ये असे गायब तुकडे शोधलेच नव्हते. पुन्हा नेमकं तेवढंच तपासलं, तर माझ्यातही तेच. घरात काय शोधायचं हे माहीत नसताना आलेल्या निगेटिव्हवर भरवसा ठेवायचा नसतो, हे मी असं शिकलो.

आता तुमच्या भावाचा रिपोर्ट. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं जोडीजोडीनं काम करतात; ती बनवणाऱ्या जीनची नावंही तीच. पीएमएस-२ ला एमएलएच-१ चा आधार लागतो; तो गेला की पीएमएस-२ ही टिकत नाही. म्हणून दोन्ही गायब दिसली तरी संशय बहुतेकदा एमएलएच-१ वरच जातो. रंगवलेल्या काचेवर प्रथिन शाबूत असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, गायब असलेल्यांची नुसती निळी. शेजारच्या निरोगी पेशी मात्र तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही निळ्या असतील तर रंगच नीट बसलेला नाही, टेस्ट पुन्हा करावी लागते. पॅथॉलॉजिस्टना एवढं जरूर विचारा.

खरी मेख पुढे आहे. एमएलएच-१ गायब होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आनुवंशिक नाही. वय वाढल्यावर गाठीतच त्या जीनच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटतात आणि जीन गप्प होतो. अशा बऱ्याच गाठींत बीआरएएफ या दुसऱ्याच जीनचा व्ही६००ई बदल सापडतो, आणि तो सापडला तर आनुवंशिक असण्याची शक्यता फारच कमी. पण तो नाही म्हणजे लिंच आहे, असा उलटा अर्थ निघत नाही. मिथाइल गट असूनही बीआरएएफ निगेटिव्ह असलेल्या गाठी भरपूर असतात. त्यामुळे आता लॅबनं मेणात जपलेल्या गाठीच्या त्याच ब्लॉकवर एमएलएच-१ प्रमोटर मिथायलेशन तपासायला सांगा.

मिथायलेशन नसेल तर भावाच्या रक्तात एमएलएच-१ चा पूर्ण तपास, मोठे गायब तुकडे धरून. मिथायलेशन असेल तर वय जास्त असताना विषय तिथेच संपतो. ४३ व्या वर्षी मात्र ते रक्तातही आहे का, हे एकदा बघून घ्यावं. क्वचित तसं असतं.

भावाच्या रक्तात रोगकारक बदल सापडला, तर तुमच्यात तो असण्याची शक्यता ५० टक्के. तेव्हा तुमची टेस्ट करा, फक्त त्याच बदलासाठी. आता निगेटिव्हला अर्थ आहे: भावाच्या बदलाचा धोका तुम्हाला नाही आणि तुमच्यामार्फत मुलांनाही नाही. तुमच्यात निघाला तर मुलं सज्ञान झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवायचं. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर त्याच्या जोरावर नातेवाइकांना तपासू नये. काहीच सापडलं नाही, तर जीनच्या दोन्ही प्रतींतले बिघाड गाठीतच झाले असतील. ते गाठीचा डीएनए तपासून कळू शकतं.

हे सगळं होईस्तोवर महिने जातात. तोवर एक पूर्ण कोलोनोस्कोपी करून घ्या, कारण एमएलएच-१ चा आनुवंशिक बदल असलेल्यांना, म्हणजे वाहकांना, ती साधारण २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करायला सांगतात आणि तुम्ही ३९ च्या आहात. ‘पूर्ण’ म्हणजे सीकमपर्यंत. लिंचच्या गाठी उजवीकडे जास्त होतात, आतड्याचा फक्त डावीकडचा शेवटचा भाग बघणाऱ्या सिग्मॉइडोस्कोपीत त्या दिसणारच नाहीत. आदल्या दिवशीच्या औषधाचा कंटाळा करू नका; माझ्या पहिल्या वेळी पोट नीट साफ नव्हतं, दुसऱ्या वेळी उजव्या बाजूला चपटा पॉलिप निघाला. वाहक बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही मोठा असतो, तेव्हा पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

आणि भावाचा जीन रिपोर्ट आला की त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. त्यात c. ने सुरू होणारी ओळ असते, ती जशीच्या तशी तुमच्या लॅबला द्यायची. ‘भावाला लिंच आहे’ एवढ्यावरून त्यांना काय शोधायचं ते कळत नाही.